बांगड्यांवरचे जाळीचे वळ

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पुढे समुद्राने शिकवलं. त्यामुळे ज्या पेटीत बघायला झाकण उघडावं लागतं आणि झाकण उघडलं की आतलं बिघडतं, अशा पेटीवर माझा विश्वास बसणं कठीणच होतं. अजूनही पुरता बसलेला नाही.

ती पेटी माझ्या पुतण्याची. किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले तसं त्याने माडाच्या झापांच्या मांडवात सरबताचं दुकान घातलं आणि आडवी, झाकणाची डीप फ्रीझर आणली. पहिल्या वर्षी त्यात आइस्क्रीम होतं. मग पावसात होड्या वर ओढल्या की मासा कुठून आणायचा, म्हणून वाडीतले लोक त्यात मासे ठेवायला लागले. मी नाही. आमच्याकडे पावसात खारं-सुकं असतं, त्यावर माझं आयुष्य गेलं.

पण त्या वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. नवव्या महिन्यात, ऐन आषाढात. फोनवर आईला म्हणाली, “आये, माका सुकट नको गो. वासानच पोटात ढवळता. इसवण व्हयी.” इसवण म्हणजे तुमची सुरमई. आषाढात ताजी इसवण कोण देणार? पोरीच्या पोटात काही ठरत नव्हतं, वजन वाढत नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी सासूला दोनदा बोलावून सांगितलं होतं की हिला चांगलं खायला घाला, आणि शिळं अजिबात नको. म्हणून होड्या वर घ्यायच्या आधी शेवटच्या फेरीतली एक चांगली इसवण मी स्वतः निवडली. बायकोने साफ करून तुकड्या केल्या. ती म्हणाली, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधू. मी म्हटलं, वर्तमानपत्रात गुंडाळ, मासा कागदातच नेतात. मी म्हटलं म्हणजे तसंच झालं.

पुतण्याने बांधणी खाली, तळाशी, बर्फाच्या पिशव्यांवर ठेवली.

“किती दिवस ऱ्हवात?” मी विचारलं.

“वरीसभर ऱ्हवात काका. बर्फात मासो मरणा नाय.”

“तो आदीच मेलेलो आसा रे मेल्या.”

तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. वर्षभर कसा राहील? तेलाचा मासा दोन-तीन महिने झाले की बर्फातसुद्धा खवट लागतो, पिवळा पडतो. त्याने जीव जात नाही, पण ताटातून उठावंसं वाटतं. हे ज्याला ठाऊक नाही, तो बाकीचं काय सांभाळणार? शिवाय सीझन संपला होता. दुकान बंद असताना हा रात्री पेटीचं बटण बंद करून झोपत नसेल कशावरून? सकाळी परत चालू केलं की सगळं पुन्हा दगडासारखं. कोण बघायला येणार?

म्हणून मी एक युक्ती केली. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धं पाणी भरलं, बूच लावलं आणि “माका थंड पाणी लागता” सांगून ती पेटीत उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी गोठली होती. मग ती उलटी केली, बूच खाली, आणि इसवणीच्या शेजारी तळाला खोचून ठेवली. बर्फ आता वर चिकटलेला, खाली रिकामं. पेटी बंद पडून बाटलीतला बर्फ वितळला तर पाणी बुचाकडे उतरणार, आणि तिथे परत गोठणार. मग मालकाने काही सांगो, बाटली खोटं बोलणार नाही. बायकोलासुद्धा मी हे सांगितलं नाही.

मुलगी आली. पायांवर सूज, गाल बसलेले. दोन घास भात खाल्ला की पडवीत जाऊन बसायची. आणि त्याच आठवड्यात वादळी पाऊस झाला, खांब पडले, लाइट गेली. दुसरा दिवस उजाडला तरी आली नाही. मी इरलं घेऊन दुकानावर गेलो. पुतण्याने पेटीवर गोणपाटं आणि जुनी गोधडी घातली होती आणि स्वतः वर बसून विडी ओढत होता.

“उठ,” मी म्हटलं. “माका बघूचा आसा.”

“झाकाण उघडूचा नाय काका. एकदा उघडला की आतली थंडी गेली.”

“माझी इसवण आसा आत.”

“माजे बांगडे आसत. मी बघतंय काय?”

“तू आत काय लपवलंहस?”

“तुमची इसवण! खातंय बसान, कच्ची!” तो ओरडला. “तुमचो माज्यार इस्वास नाय?”

“नाय.”

तो हलला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. होडीतल्या बर्फावरची फळी आम्हीही उगाच उचलत नाही. पण ज्याला दाखवायचं नसतं तोही हेच बोलतो. मी तसाच भिजत घरी आलो.

लाइट संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊन इसवण मागितली. झाकण उघडलं तेव्हा मी आधी बाटली शोधली. बर्फ वरच होता, जसा मी ठेवला तसा. बूच कोरडं. तळाला वितळलं नव्हतं. पुतण्याने गोणपाटं खरंच घातली होती आणि बटणही रात्री बंद करत नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. तसा काही झाला नाही. “बरी आसा,” एवढंच म्हटलं. त्याने वर, झाकणाखालीच लटकवलेल्या तारेच्या टोपलीतून पाच बांगडे काढले आणि माझ्या पिशवीत घातले. “बायक देवा. फ्राय करून. माज्याकडसून.” बाय म्हणजे माझी मुलगी.

घरी बायकोने इसवण आणि बांगडे ताटात ठेवले आणि कपाळाला हात लावला. इसवणीचा कागद एका बाजूने फाटला होता, आणि तिथल्या तुकड्यांवर पांढरे, कोरडे डाग. लाकडाच्या भुशासारखे. बांगडे मात्र चकचकीत, निळी पाठ, जसे आत्ता जाळ्यातून काढले.

“इसवण गेली,” ती म्हणाली. “टाकून देवया. बायक बांगडे तळतंय.” मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. बांगडे बघून तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. कितीतरी दिवसांनी.

बायकोने तवा ठेवला. मी बांगडा हातात घेतला, उगाच, सवयीने. आणि पोटाकडे बघितलं. पोटावर आडवे-उभे वळ होते. तारेच्या टोपलीचे. गोठलेल्या माशावर तारेचा वळ कसा उठेल? दगडावर दोरी ठेवली तर खूण पडते काय? मासा मऊ पडला होता, टोपलीत बसला होता, आणि तसाच परत गोठला होता. शेपट्या वाकलेल्या. पोटाखाली चिकटलेला लालसर पाण्याचा बर्फ. बाटली तळाला होती. तिला तळाचंच माहीत. झाकणाखाली काय झालं, ते तिला कोण सांगणार?

“तवो उतर,” मी म्हटलं.

“आता काय झाला तुमका?”

“ह्ये वितळले होते.”

“वास तर येणा नाय.”

“गोठल्यार वासय गोठता. आणि बांगड्याक वास येवकच व्हयो असा नाय.”

बांगड्याचं मला माहीत आहे. एकदा बर्फ संपला आणि उन्हात राहिलेले बांगडे आम्ही होडीवरच कालवण करून खाल्ले. वास नव्हता, चवीला जरा तिखट. घटकेत सगळ्यांची तोंडं लाल, अंगाला खाज, एकाचा श्वास लागला. तो दोष शिजवून जात नाही आणि गोठवूनही जात नाही. गरमीत एकदा तयार झाला की झाला. मी नवव्या महिन्यातल्या पोरीच्या ताटात तो कसा घालू देणार?

“बाबा, तुमका सगळ्यांचोच संशय,” मुलगी म्हणाली आणि आत गेली. तिचे डोळे भरले होते.

मी बांगडे घेऊन सरळ दुकानावर गेलो. पुतण्यासमोर पोटं वर करून ठेवले.

“ह्ये मऊ झाले होते.”

त्याने वळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “वरचे जरा नरम झाले काका. पन लाइट इल्यार घट झाले ना परत?”

“घट झाला म्हणजे बरा झाला काय? चिखलय सुकल्यार घट होता.”

“मी काय मुद्दाम दिलंय काय? बायसाठी दिलंय.”

ते खरं असावं. म्हणून मी शिव्या गिळल्या. आम्ही दोघांनी टोपली रिकामी केली. मधल्या थरात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी होती. लाइट आली तेव्हा तिच्यात बर्फ करकरत होता, हाताला गारच गार होती, हे त्याला नीट आठवत होतं. अशी परत ठेवली तरी चालते, फक्त पाणी सुटतं आणि चव उतरते. ती आधी संपवायची ठरली. बांगडे माडाच्या मुळाशी खोल पुरले. खड्डा त्याने खणला. मी उभा राहून बघितलं, पुरतो की नाही ते.

घरी आलो तर इसवण अजून ताटातच होती, टाकायला बायकोचा हात उचलला नव्हता. मी ती पिशवीत बांधून विहिरीच्या गार पाण्यात सोडली. बर्फ सुटल्यावर बोटाने दाबली. खळगा राहिला नाही. मांस काट्याला धरून होतं, चिकट नव्हतं, वास समुद्राचाच. मग पांढरे डाग कसले? वारा लागून थंडीत सुकलेले, दुसरं काय! आम्ही उन्हात सुकवतो, पेटीने थंडीत सुकवलं. मी विळीवर बसून ते कोरडे कोपरे कापून काढले.

“कागदामुळा झाला,” बायको म्हणाली.

“कागद पातळ निघालो,” मी म्हटलं.

तिने लगेच कालवण केलं, भरपूर तिरफळं घालून. मुलगी रुसूनच पाटावर बसली. पहिला घास तिने माझ्याकडे बघत खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, लाली येते काय, खाज सुटते काय. खात्री झाली तरी माझी नजर हलेना.

“जरा कोरडी लागता,” ती म्हणाली.

“कोरडीच आसा.”

तिने रस्सा ओढून भात कालवला. मग ताट पुढे केलं आणि आईला म्हणाली, “आये, शेपटीकडचो तुकडो घाल गो आणखी एक.”

ती पडवीत उठून गेली नाही. ताट चाटूनपुसून खाऊन तिथेच बसली. त्यानंतरच मी माझं ताट वाढायला सांगितलं.