न घेतलेल्या गाडीचं कर्ज

देवळाली कॅम्पातल्या एका भाड्याच्या गाळ्यात मी कित्येक वर्षं गणवेश शिवले. शाळांचे जास्त, आणि अधूनमधून जवानांच्या वर्द्या मापात बसवायचं काम. गाळ्याचे मालक म्हातारे झाले, पुण्याला मुलाकडे कायमचं जायचं त्यांनी ठरवलं. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा म्हणाले, "गाळा विकतोय. पहिला हक्क तुमचा. पण फेब्रुवारीच्या पुढे मी थांबणार नाही. शेजारचा मोबाइलवाला रोकडा द्यायला तयार आहे."

आम्ही इसार दिला आणि मी बँकेत गेले. तिथल्या कर्ज बघणाऱ्या बाईंनी अर्ज पुढे केलाच नाही. म्हणाल्या, "ताई, आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुम्ही स्वतः बघितलात तर स्कोअरला धक्का लागत नाही. आम्ही अर्जावरून बघितला की त्याची चौकशी म्हणून नोंद राहते. काही चुकीचं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या."

मला हसू आलं. उभ्या आयुष्यात मी एकच कर्ज घेतलं होतं, पिको मशिनचं, आणि तेही वेळेआधी फेडलं होतं. चुकीचं काय असणार?

संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर फोन ठेवून मी रिपोर्ट काढला. पिको मशिनचं कर्ज होतं, बंद झालेलं, एकही हप्ता न चुकलेलं. आणि त्याच्याखाली दुसरं एक होतं. दुचाकीचं. एका फायनान्स कंपनीचं. हप्ते थकत गेलेले आणि शेवटी 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत खात्यात टाकलेलं. मी सायकलसुद्धा कधी चालवलेली नाही.

माझे यजमान सातपूरच्या कारखान्यातून घरी आले. त्यांनी रिपोर्ट वाचला. मग म्हणाले, "तुझे आधार-पॅनचे झेरॉक्स बाहेर कुणाकडे आहेत?"

मला प्रश्नाचा रोख कळला. बाबा गेल्यावर वारसनोंदीसाठी माझ्या धाकट्या भावाने ते नेले होते. तो दिंडोरीकडे बाबांची द्राक्षबाग बघतो.

"तो असं करणार नाही," मी म्हटलं.

"मी कुठं म्हणतोय त्याने केलं म्हणून? कुणाकडे आहेत, एवढंच विचारतोय."

पण त्या रात्रीपासून घरात त्याचं नाव निघालं की आम्ही दोघंही विषय बदलायचो. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की ते बरोबर निघाले तर? भाऊबीजेला माझ्या ताटात ओवाळणी टाकणारा तो हात मी पुन्हा पुन्हा आठवून बघत होते.

शेवटी राहवेना. मी भावाला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, रिपोर्ट हातात घेतला, आणि दाजी समोर का बसलेत, आक्काचा चेहरा असा का, हे एका क्षणात त्याच्या लक्षात आलं. कानशिलं लाल झाली त्याची.

"दाजी, मला गाडी पायजे असती तर मी माझ्या नावावर घेतली नसती का?" एवढंच बोलला. चहाचा कप बाजूला सारून तो रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचायला लागला. आम्ही थेट कर्जाच्या पानावर गेलो होतो. पहिलं पान आम्ही नीट पाहिलंच नव्हतं.

"आक्का, हा पत्ता कुणाचा हाय?"

माझ्या पत्त्याखाली आणखी एक पत्ता होता. सटाणा तालुक्यातलं एक गाव.

"आपलं तिकडं कुणीच नाय. आन् हे बघ, मतदानाच्या कार्डाचा नंबर. तुझं कार्ड आण बरं."

मी कार्ड आणलं. पॅनचा नंबर माझाच होता, पण मतदार ओळखपत्राचा नंबर माझा नव्हता.

"नाव तेच, जन्मतारीख तीच, पण बाई दुसरी हाय. तिचं कर्ज तुझ्या रिपोर्टात मिसळलंय," भाऊ म्हणाला.

जन्मतारीख एक जून. ती खरी नव्हेच. ऐंशी साली बाबांनी मला शाळेत घातलं, तेव्हा जन्माचा दाखला नव्हता. गुरुजींनी माझ्या दातांकडे बघून वय धरलं आणि एक जून लिहून टाकलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच तारीख होती. सटाण्याकडे दुसऱ्या कुणा गुरुजींनी माझ्याच नावाच्या मुलीला तीच तारीख, तेच साल दिलं असेल, तर त्यात नवल काय?

यजमान भावाला काहीतरी म्हणणार होते, पण तो उठून गेला होता.

मी रिपोर्ट देणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन तक्रार टाकली: हे खातं माझं नाही, हा पत्ता माझा नाही, हे ओळखपत्र माझं नाही. बँकेतल्या बाईंनी सांगितलंच होतं, की ती संस्था स्वतःहून काही बदलू शकत नाही. ती कर्ज देणाऱ्या कंपनीला विचारते आणि कंपनी म्हणेल तसं होतं. तीस दिवसांची मुदत. डिसेंबर असाच गेला. मोबाइलवाला रोज दुकानापुढे उभा राहून गाळ्याची रुंदी डोळ्यांनी मापायचा.

उत्तर आलं ते असं: कंपनीने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. बदल नाही.

नाव आणि तारीख जुळली, एवढंच बघून कुणीतरी 'बरोबर' लिहून टाकलं असणार. मी भावाला फोन केला. रागावून गेलेला, येईल का नाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "उद्या सकाळी आवरून बस. सटाण्याला जाऊ."

कंपनीच्या शाखेच्या दारात एक म्हातारा वॉचमन होता. "साहेब मझार शे, जा," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे साहेब आत आहेत. आतल्या तरुण साहेबांनी आधी हात झटकले. "ताई, ऑनलाइन उत्तर दिलंय ना?"

"तुमच्या फायलीत त्या बाईचा फोटो असेल," मी म्हटलं. "तो बघा आणि माझ्याकडे बघा."

त्यांनी फाइल उघडली. स्क्रीन आमच्याकडे वळवला नाही, दुसऱ्याची कागदपत्रं दाखवता येत नाहीत म्हणाले, ते बरोबरच होतं. पण दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग आवाज उतरला. "ह्या तुम्ही नाही. इथे पॅन नंबरच घेतलेला नाही. मतदार कार्डावर कर्ज दिलंय."

मी लेखी अर्ज दिला, पॅन-आधार-मतदार कार्डाच्या प्रती जोडल्या. भावाने दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागून घेतला. साहेबांनी आमच्यासमोर मुख्य कार्यालयाला मेल केला. घरी येऊन मी तक्रार पुन्हा टाकली.

जानेवारी संपत आला तेव्हा फोनवर संदेश आला. मी सुई अर्धवट कापडात ठेवून नवा रिपोर्ट उघडला, या वेळी पहिल्या पानापासून. सटाण्याचा पत्ता गेला होता. ते ओळखपत्र गेलं होतं. दुचाकीचं कर्ज गेलं होतं. पिको मशिन तेवढं एकटं राहिलं होतं. मी गिऱ्हाइकासमोरच रडले.

अर्ज दुसऱ्या दिवशी केला, आणि मालकांची मुदत संपायच्या आत कर्ज मंजूर झालं.

खरेदीखताला दोन साक्षीदार लागतात. एक आमचे शेजारी होते. दुसऱ्यासाठी यजमानांनी स्वतः भावाला फोन केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "मी बोललो नाही काही, पण मनात आणलं होतं," एवढं ते म्हणाले आणि थांबले. पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही.

तो आला. सही केली. जेवायला मात्र थांबला नाही. बागेत माल उतरवायला मजूर लागलेत, म्हणाला, आणि ते खरंही असेल.