सप्तमीची चौकट

जामखेडला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं आणि वर्षातून एकदा कॅलेंडर. आता बहुतेक छापखानेवाले शिवकाशीहून देवांच्या चित्रांचे तयार गठ्ठे मागवतात आणि खाली दुकानाच्या नावाची पट्टी छापून मोकळे होतात. त्यात डोकेफोड कमी आणि सुख जास्त. पण माझे वडील, आमचे अण्णा, एक नंबरचे हट्टी. गावच्या दूध डेअरीचं कॅलेंडर ते शेवटपर्यंत स्वतः लिहीत राहिले. "आपल्या गावची जत्रा त्या शिवकाशीवाल्याला काय ठाऊक?" असं म्हणायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत.

इंग्रजी वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि पंचांग पाडव्याला, म्हणून टेबलावर दोन पंचांगं उघडी असायची, चालू आणि येणारं. अण्णा मोठ्या कागदावर चौकटी आखायचे. आधी तारखा. मग प्रत्येक चौकटीत सूर्योदयाला जी तिथी असेल ती, आणि ती किती वाजेपर्यंत आहे ते. मग सण. शेवटी सरकारी सुट्ट्या, लाल पेनानं, कारण ती यादी मुंबईहून उशिरा यायची आणि तोवर अण्णा सरकारला शिव्या घालत बसायचे. सण लिहिताना मात्र ते शिव्या विसरायचे. संकष्टी चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी, मग त्या चौकटीत सकाळी तृतीया का असेना. श्राद्धाची तिथी दुपारची बघायची. हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी मी घडाघडा म्हणेन.

पान जुळवून झालं की वाचणी व्हायची. अण्णा पान वाचणार, आई पंचांगावर बोट ठेवून "हाय" म्हणणार. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण बारीक टाइपातली तिथी चष्म्याशिवाय वाचते. दोघांचं इतर कशावरही पटत नसे. वाचणीच्या वेळी मात्र घरात भांडण नसायचं, आणि म्हणून आम्हाला ते दिवस फार आवडायचे.

गेल्या फाल्गुनात, वद्य सप्तमीला, अण्णा गेले. तसं मोठं दुखणं काही नव्हतं. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेले.

पावसाळा सरल्यावर डेअरीचा माणूस ऑर्डर घेऊन आला. मी त्याला म्हणालो, यंदा तयार गठ्ठा घ्या, स्वस्त पडेल. आत आई ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आमी लिहिनार हाय. तुमी जावा." झालं. मी संगणकावर चौकटी आखायला बसलो.

मार्चच्या पानाशी आलो तेव्हाच माझ्या लक्षात आलं. फाल्गुन वद्य षष्ठी सूर्योदयाला होती, आठ वाजायच्या आत संपत होती. तिथून सप्तमी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधीच संपत होती. म्हणजे या चौकटीत षष्ठी आणि पुढच्या चौकटीत थेट अष्टमी. सप्तमीचा क्षय. असं वर्षातून बऱ्याचदा होतं, त्यात नवल काही नाही. पण माझा हात माउसवरून उठला. आईला सांगायचा धीर मला झाला नाही. वाचणीत कळेलच, म्हटलं, आणि पुढचे काही दिवस तिच्याशी उगाच गोड बोलत राहिलो.

वाचणीला बसलो. मी वाचत होतो, आई "हाय" म्हणत होती.

"पंचमी. रंगपंचमी."

"हाय."

"षष्ठी. नाथषष्ठी."

"हाय."

"अष्टमी."

आईचं बोट पंचांगावर तसंच. मग तिनं मागची ओळ वाचली, पुन्हा पुढची वाचली. पान उलटून बघितलं, जणू सप्तमी पलीकडे चिकटून राहिली असावी.

"पंचांग चुकलं आसंल," ती म्हणाली.

"नाही आई. क्षय आहे."

"मला कळतंय क्षय काय आसतो. तुज्या जल्माच्या आधीपासून वाचतीया मी." तिचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "पन ह्यांची पयलीच तिथी रं. एक चौकट दे की तिला. अष्टमी सरकव फुडं."

मी म्हणालो, सरकवली की पुढचं सगळं एकेका घरानं चुकणार. एकादशी चुकेल, अमावास्या चुकेल. डेअरीच्या प्रत्येक घरात बाया हे बघून उपास धरतात. आणि सप्तमी कुठं गेलेली नाही, षष्ठीच्याच चौकटीत आहे, आठच्या पुढं. श्राद्धाला दुपारची तिथी लागते, ती त्या दिवशी सप्तमीच आहे. सगळं बरोबर बोललो. बोलताना माझा मलाच राग येत होता, कारण समोर बसलेल्या बाईला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आईनं पंचांगावरचं बोट उचललं. मग म्हणाली, "एक उसतोडीवाली आल्ती. तू पुण्याला शिकाया हुतास तवा. तिचा तरना ल्योक गेल्ता. टोळी कारखान्यावर निघायची हुती, म्हनून फुडल्या सालची त्याची तिथी इचारायला आल्ती. तिची बी आशीच, क्षय. म्हनली, मपल्या लेकराला यंदा दिसच न्हाई का? तुजं आण्णा नुसतं खाली बघत बसलं. मीच म्हनले, बाई, कागदावर न्हाई म्हनून काय झालं? त्याच दिशी दुपारी घास ठिव, पोचतंय."

"बरोबरच सांगितलंस की."

"बरोबर हुतं," आई म्हणाली. "पन लई सोपं करून सांगितलं रं मी."

ती रडली. अण्णा गेले त्या दिवशी आल्यागेल्याला चहा करत राहिली होती, तेव्हा रडली नव्हती. मी उठून पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

मग पदरानं डोळे पुसून तिनं बोट पुन्हा अष्टमीवर ठेवलं. "हाय," म्हणाली. "वाच फुडं."

नाथषष्ठीच्या चौकटीत जागा फार थोडी होती. त्याच दिवशी डेअरीला दूध संकलनाच्या वेळेची सूचनाही हवी होती. ती मी खालच्या ओळीत ढकलली आणि षष्ठीखाली 'नंतर सप्तमी' एवढं बसवलं. जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं. कॅलेंडर छापून गेलं, घरोघर लागलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आई पहाटेच उठली. बाहेर पैठणला निघालेल्या लोकांची जीप रस्त्यावर हॉर्न वाजवत होती. गुरुजी दुपारी येणार होते, पाहुणे त्याच्या थोडं आधी. कशाचीच घाई नव्हती. तरी आई वड्यांचं पीठ भिजवता भिजवता सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. मी चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर उभा होतो.

"झाली का रं षष्ठी?" तिनं आतून विचारलं.

मी घड्याळ बघितलं. "झाली आई. आत्ताच झाली."

तिनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर आली.

"मग दारातनं सरक," ती म्हणाली. "आलं आसतील त्ये."