दोन मित्र आणि एक गोळी

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे, ते मला चिडवायला ‘डाक्टरीणबाई’ म्हणायचे. घाटनांदूरला त्यांचं किराणा दुकान आणि शेजारच्याच खोलीत माझा दवाखाना. गावात एसटीडीचा बूथ नुकताच आला होता, त्या वेळची गोष्ट.

रोज सकाळी त्यांचे एक बालमित्र दुकानात येऊन बसत, मी त्यांना काका म्हणायचे. या काकांना आधी हार्टॲटॅक येऊन गेला होता, म्हणून ते ॲस्पिरिनची बारकी गोळी घेत. मामंजींची पंचाहत्तरी उलटलेली, पण छातीत कधी कळसुद्धा आली नव्हती. तरी हे मित्राच्या पाकिटातली गोळी खायला लागले! काका तंबाखूची चिमूट द्यावी तशी ती त्यांच्या तळहातावर ठेवायचे.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “काकांना एकदा येऊन गेलाय, पुन्हा येण्याची भीती मोठी, म्हणून त्यांना फायदाही मोठा. तुम्हाला आलेलाच नाही, तुमचा फायदा जरासा. ही गोळी पोटाचं अस्तर दुखावते आणि रक्तही लवकर गोठू देत नाही. म्हातारपणी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तो तुमचा जरासा फायदा खाऊन टाकतो.”

“रक्त पातळ झालेलं चांगलंच हाय की,” मामंजी म्हणाले. “तू लई भितीस.”

पुढं आषाढात शेतातून जांभळांची पाटी आली. एका सकाळी सासूबाई सहज बोलून गेल्या, “ह्यांना संडासला काळं होतंय. जांभळं खाल्ल्यावर होणारच.” अगं बाई! जांभळं तर आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती. जाऊन पाहिलं तर डांबरासारखं काळं, चिकट. मामंजींचा चेहरा पांढराफटक, नाडी पळत होती. हे त्या गोळीचंच काम, मी ओळखलं. जीपमध्ये घालून आंबेजोगाईला नेलं. पोटात जखम होऊन रक्त झिरपत होतं. बाहेरून रक्त चढवलं, झिरपणं थांबलं आणि देवाच्या दयेनं माणूस घरी आला.

पण काका दुकानावर फिरकेनात. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी स्वतःची गोळीही बंद केलेली. “माझ्या हातानं दोस्ताला इख दिलं, पोरी. आता मी तरी ते खाऊ कावून?” मी रागावले, विनवण्या केल्या. काका भिंतीकडं तोंड करून बसले. आता यांना दुसरा झटका आला तर, या विचारानं मला रडू फुटलं.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. विश्रांती घ्यायची सोडून ते माझ्या खांद्यावर हात टेकत काकांच्या घरी आले. पाकीट फोडून त्यांनी गोळी पुढं केली.

“घे बे. तुला येऊन गेलाय, मला न्हाई.”

“एकट्यानं घेऊ?”

“एकटा कावून? मी हाय की.”

काकांनी गोळी गिळली. तांब्यात उरलेलं पाणी मामंजी प्याले.