तीनपैकी दोन तुकडे

त्या बाईचा मला अजून राग येतो. वय अडतीस, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि लखनौमधल्या एका संशोधन केंद्रात संगणक चालवणारी एकटी बाई म्हणून मान जरा जास्तच ताठ. ती बाई म्हणजे मीच. पुण्याहून येऊन तेरा वर्षं झाली होती, तरी या गावात सगळं संथ चालतं आणि आपण तेवढ्या चटपटीत, अशी माझी पक्की समजूत होती.

आमचं काम मालगाडीच्या वाघिणींचं, म्हणजे वॅगनींचं. वाघीण रुळांवर किती वेगापर्यंत नीट धावेल आणि कुठे डोलायला लागेल, हे आधी संगणकावर बघायचं. तिथे पास झाली तर खऱ्या रुळांवर चाचणी. प्रोग्राम फोरट्रान या संगणकी भाषेतला, बंगळूरच्या एका शास्त्रज्ञाने लिहिलेला. त्याच्या मधेमधे त्याने इतक्या टिपा लिहून ठेवल्या होत्या की मला वाटे, आपल्याला शिकवतोय का हा? म्हणून एका हिवाळ्यात मी त्याचा मधला भाग 'आवरला'. टिपा काढल्या, ओळी मागेपुढे केल्या, चलांची नावं माझ्या आवडीची ठेवली. प्रोग्राम पूर्वीसारखाच चालत होता. फक्त आता तो माझ्या स्वयंपाकघरासारखा दिसत होता.

त्या फेब्रुवारीत एका नव्या वाघिणीचं गणित आलं. ती ज्यांनी आखली ते साहेब जुन्या लखनौच्या चौक भागातले, खानदानी लखनवी, मार्चअखेर निवृत्त होणारे. झोके शमवण्यासाठी त्यांनी घर्षणाची एक नव्या प्रकारची पाचर बसवली होती. चार वर्षं त्या पाचरीवर घालवली होती. चाचणीची गाडी पुढच्या सोमवारी मिळणार होती. ती हुकली की पुढची मे महिन्यात, म्हणजे साहेब घरी गेल्यावर. आणि त्यांच्यामागे ती पाचर कुणी हातात धरणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जुन्या प्रोग्रामला ही पाचर कळत नव्हती. बंगळूरला कळवलं. टेलिफोनच्या तारेवरून अख्खा प्रोग्राम यायला दुपार गेली असती आणि लाइन चारदा तुटली असती. म्हणून त्यांनी पॅच फाइल पाठवली, जेमतेम पन्नास ओळींची. कुठे काय घालायचं, काय काढायचं, एवढंच त्यात असतं. प्रत्येक बदलाच्या वरखाली जुन्या तीन-तीन ओळी, जागा ओळखण्यासाठी. अशा एकेका तुकड्याला हंक म्हणतात. आमच्या पॅचमध्ये तीन हंक होते.

मंगळवारी मी कमांड दिली. पडद्यावर ओळी उमटल्या: पहिला हंक बसला. दुसरा फेल. तिसरा बसला, पण नऊ ओळी वर सरकून. तीनपैकी एक फेल, तो 'रेज' नावाच्या फाइलीत ठेवला आहे.

तेव्हा त्या बाईने काय केलं? चहा मागवला. तीनपैकी दोन म्हणजे सहासष्ट टक्के, फर्स्ट क्लास! प्रोग्राम कंपाइल केला, तर एकही चूक नाही. मग काय, चालवला. उत्तर आलं: रिकामी वाघीण सायकलच्या वेगालाच डोलायला लागते. इतकं अचाट उत्तर बघून कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मला आली नाही. मी उलट मनात म्हटलं, बिचाऱ्यांची पाचर! आणि 'चाचणीस अयोग्य' अशी टिप्पणी लिहून, ऐटदार सही करून संचालकांकडे पाठवली.

गुरुवारी सकाळी साहेब माझ्या खोलीत आले. आवाज चढवला नाही. त्यांनी चढवला असता तर बरं झालं असतं.

"मैडम, सुना है हमारी वैगन बख्शी का तालाब के इक्के से भी पिछड़ गई?" बख्शी का तालाब म्हणजे लखनौबाहेरचं गाव, आणि इक्के म्हणजे तिथले एका घोड्याचे टांगे.

"सर, गणित आहे. आय मीन, कैलकुलेशन है. कंप्यूटर ग़लत नहीं बोलता."

"बेशक. कंप्यूटर से हमें कोई शिकायत नहीं." ते खुर्ची ओढून बसले. "आप बस इतना दिखा दीजिए कि इसमें नया क्या पड़ा है."

मी उत्साहाने पॅचचा कागद छापून दिला. मग जुनी फाइल आणि नवी फाइल यांतला फरक छापून दिला. पॅच लावताना जुनी प्रत 'ओरिज' म्हणून आपोआप शिल्लक राहते, ही माझी विद्वत्ताही ऐकवली. साहेबांना फोरट्रानचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बोटाने मोजलं.

"मैडम, इस काग़ज़ पर तीन जगह है. इस पर दो."

मी काहीतरी बोलणार होते. काय, ते सुदैवाने आता आठवत नाही.

"तीसरी कहाँ तशरीफ़ ले गई?"

ती मंगळवारपासून रेज फाइलीत बसली होती. उघडून बघितलं आणि माझे कान तापले. पहिल्या हंकने पाचरीच्या आकड्यासाठी जागा राखली होती. तिसऱ्याने जुनं ढोबळ सूत्र काढून तो आकडा वापरायला घेतला होता. दुसऱ्याने त्या जागेत किंमत भरायची होती, आणि तोच बसला नव्हता. जागा रिकामी, म्हणजे शून्य. मी साहेबांची वाघीण साहेबांची पाचर काढून पळवली होती आणि वर पाचरीला नापास केलं होतं. हंक का बसला नाही? कारण तो नेमका मी आवरलेल्या भागात जाणार होता. ज्या ओळींवरून त्याने जागा ओळखायची, त्या ओळी मी शोभेसाठी पुसल्या होत्या.

घाबरून मी तीच कमांड पुन्हा दिली. संगणकाने विचारलं, हा पॅच आधीच लावलेला दिसतो, उलटा लावू का? मी न वाचताच हो म्हटलं. बसलेले दोन तुकडेही निघून गेले.

"अब?" साहेबांनी विचारलं.

"अब... एक भी नहीं है."

"माशाअल्लाह. तरक़्क़ी हो रही है."

मग मात्र मी जे मंगळवारी करायला हवं होतं ते केलं. आधी तपासणीपुरती कमांड, फाइलीला हात न लावता काय होईल ते सांगणारी: एक बसेल, दोन नाही, तीन बसेल. एकदा मोह झाला, ओळखीच्या ओळींची अट सैल करून दुसरा हंक दामटून बसवावा. पण अट सैल केली की तो भलत्याच ठिकाणीही जाऊन बसतो आणि वर बसलो म्हणून सांगतो. म्हणून पॅच लावला, रेज फाइल समोर ठेवली, माझ्या स्वयंपाकघरात ती जागा डोळ्यांनी शोधली आणि तीत अधिकच्या खुणेने दाखवलेल्या, म्हणजे नव्याने घालायच्या, चार ओळी हाताने घातल्या. त्यांतली चलांची दोन नावं माझ्या नव्या नावांप्रमाणे बदलावी लागली. नुसत्या उतरवल्या असत्या तर पुन्हा शून्यच! साहेबांनी प्रत्येक ओळ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, बालवाडीतल्या मुलीकडून घ्यावी तशी. शेवटी पुन्हा फरक छापला. त्यांनी मोजलं. तीन.

प्रोग्रामला चाळीस मिनिटं लागली. आकडे आले: वाघीण हव्या त्या वेगाच्याही थोडं पुढपर्यंत स्थिर.

"मुबारक हो सर!" मी म्हटलं.

"एक बार और चलाइए."

"पर सर, उत्तर तो वही आएगा."

"मंगल को भी आपको यही यक़ीन था."

पुन्हा चालवला. तेच आकडे. मग मी नवी टिप्पणी लिहायला घेतली: 'काही तांत्रिक कारणांमुळे...' त्यांनी वाकून वाचलं आणि पेनाने हळूच ते शब्द खोडले.

"तकनीक बेचारी ने क्या किया है?"

शेवटी मी लिहिलं की पॅचचा एक भाग बसला नव्हता, संगणकाने तसं सांगितलं होतं, आणि मी ते वाचलं नाही. खाली सही केली. या वेळी ऐट न करता. कागद माझ्या हातून संचालकांपर्यंत पोचेल यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. शाई वाळायची वाट न बघता त्यांनी तो उचलला आणि स्वतःच घेऊन गेले.

सोमवारी गाडी सुटली. मला कुणी बोलावलं नाही. मी खोलीत बसून बंगळूरच्या त्या टिपा, जुन्या छापील प्रतीत बघून एकेक करून, जिथल्या तिथे परत टाइप करत होते.