सहा वाजताचं डायपर

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई हात धरला की चालायची, संडासला जायची. तेवढं एक तिचं तिच्याकडे उरलं होतं आणि ते तिला जिवापाड प्यारं होतं. मी तिला उरणजवळच्या गावातून नवी मुंबईत माझ्याकडे आणलं. नोकरी बंदरावर, घरी यायला आठ. आईला ठेवायचं कुठे?

घराजवळचं डे-केअर चांगलं होतं, पण पाचला बंद. वृद्धाश्रमात फक्त स्वतःचं स्वतः करणारी माणसं घेत. अंथरुणाला खिळली तर परत न्यायची, हे आधीच सांगून टाकलेलं. म्हणजे माणूस धडधाकट असेल तोवरच त्यांना त्याची माया. उरलं असिस्टेड लिव्हिंग. चोवीस तास मदतनीस, दारात कारंजं. माझा थोरला भाऊ, दादा, तर कारंज्यावरच भाळला.

आधी काही दिवस राहून बघायची सोय होती, म्हणून आईला ठेवलं. मोबाइलवर रोज फोटो यायचे. कपाळाला टिकली, हातात फुगा, खाली 'आज्जी एकदम खूश'. दादा प्रत्येक फोटोखाली अंगठ्याचं चिन्ह टाकायचा. आमची आई कधी फुग्याने खूश झाली होती?

एका संध्याकाळी कामावरून लवकर निघून, न कळवता गेले. सहा वाजले होते. आई पलंगावर, ओठ सुकून भेगाळलेले, उशाशी पाण्याची बाटली भरलेली. पांघरूण सरकवलं तर डायपर.

"हिला संडासला जाता येतं," मी मॅनेजरबाईंना म्हटलं.

"सगळ्यांनाच लावतो मॅडम, सहाला. रात्री उठून पडल्या तर? सेफ्टी आहे."

सेफ्टी कसली! रात्री कुणी उठायला नको, एवढंच. बाई बोलताना गोड हसत होत्या. मला शिसारी आली.

"मी हाका मारतंय," आई हळूच म्हणाली, "त्या म्हनतात, त्यातच कर. माना त्यात व्हत न्हाय."

"पाणी का नाही प्यायलीस?"

"मिठागरात आडोसा व्हता काय? आमी बाया पानीच पीत नव्हतो. तसाच करतंय."

भर उन्हात मीठ ओढणाऱ्या बायांची ती युक्ती. एसी खोलीत, कारंज्यावरच्या मजल्यावर, माझी आई पुन्हा तेच करत होती.

दादाला तिथूनच फोन केला. "अगं, हायजीन असते ती," तो म्हणाला. मला त्याचीही किळस आली. त्याला सहा वाजता डायपर बांधून निजवायला हवं, असं वाटलं आणि मी ते बोललेही.

त्याच संध्याकाळी आईला घरी आणलं. दिवसा डे-केअर, पाच ते आठ घरी एक बाई, असं ठरवलं. ती बाई किती टिकेल, देव जाणे.

घरात शिरताच आईने हात पुढे केला. मी तिला संडासला नेलं. बराच वेळ लागला. बाहेर येऊन ती खुर्चीत टेकली, पदराने तोंड पुसलं.

"आता पानी दे," ती म्हणाली. "तांब्या भरून दे."