पाय न लावलेली पाठ

धानाची रोवणी संपल्यानंतरचा पहिला सोमवार. दर अकरा रुपये आणि एक नारळ. हजर आम्ही तिघे: चामोर्शीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई, मोबाइल धरून उभ्या असलेल्या सिस्टर आणि मी.

तो दर माझ्या पायाचा. मी पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेला. पाठीत उसण भरली की माणूस माझ्या ओसरीवर पालथा पडतो आणि मी त्याच्या कमरेला पाय लावतो. डॉक्टरबाईंनी बोलावलं तेव्हा वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे लोक किती दिवस दुखणं काढून येतात?" मग पाठदुखीवर एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे, तो तुमच्या गावच्या ग्रुपवर तुम्हीच टाका, म्हणाल्या.

व्हिडिओत त्या सांगत होत्या: मोबाइलवरून तुम्हाला काय झालंय हे मी सांगू शकत नाही. बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत कमी होते. अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं हिंडाफिरा. सहा आठवड्यांत उतार नसेल, किंवा कळ पायात उतरत असेल, तर तज्ज्ञाला दाखवा. जोरात पडल्यावर दुखत असेल, ताप असेल, वजन उगाच घटत असेल, तर तेवढंही थांबू नका. आणि पायातली ताकद जात असेल, बसायची जागा बधिर झाली असेल, लघवी अडली असेल किंवा कळत नसेल, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना.

मी घड्याळ लावलं होतं. बारा सेकंद जास्त झाले. सिस्टर म्हणाल्या, लघवीचं काढून टाकू, सासूसुना एकाच मोबाइलवर बघतात. डॉक्टरबाईंनी हिंडण्याफिरण्याचं वाक्य काढलं. लघवीचं ठेवलं.

ग्रुपवर चार दिवस थट्टा चालली. मला 'लघवीवाले भाऊ' असं नाव पडलं.

पुढच्या आठवड्यात शेजारी आला. तलावावर मासे धरणारा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. दोन दिवसांपूर्वी ओलं जाळं ओढताना कमरेत चमक भरली होती. त्याची बायको त्याला धरून आणत होती आणि त्याचा डावा पाय जमिनीला घासत होता. नारळ ठेवून तो ओसरीवर पालथा पडला.

मी उभाच राहिलो. पाय उचलवेना.

"काऊन भाऊ, मुहूर्त पाहून राह्यला का?" तो पालथ्यानेच म्हणाला.

मी विचारलं, लघवी झाली का. तो हसला, म्हणाला, तुझा व्हिडिओ पाठ आहे मले. मी पुन्हा विचारलं. या वेळी हसला नाही. बायको दाराकडे बघू लागली आणि तीच बोलली, "रातपासून नाई झाली जी. बसलं तं खाली लागतच नाई म्हणते."

मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागलो. जीपवाल्याला फोन लावला, उचलला नाही. परत लावला. शेजारी खालून म्हणत होता, आधी पाय लाव, मग नेशील तिथी येतो. एवढ्यात काय जातं, असं मलाही वाटलं. पण पाय लावून त्याला जरा बरं वाटलं, तर तो उठून घरी जाईल. माझ्या पायावर त्याचा तेवढा भरवसा होता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

"त्या डॉक्टरीणबाईनं मले थोडीच पाह्यलं," तो म्हणाला. "तिलेच तं मालूम नाई मले काय झालं ते."

"तिनं पाहावं म्हणूनच तं चाल म्हणतो."

 बायकोने नारळ उचलून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "उठा आता. भाऊचा पाय कुठी पळून नाई चालला."

जीप आली. रस्ताभर तो कण्हत होता आणि मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, पाय हलतो का. शेवटी म्हणाला, तू गप बस, तवा हलवतो.

डॉक्टरबाईंनी तपासलं, नळी घालून लघवी काढली, गडचिरोलीला फोन केला आणि १०८ ची गाडी बोलावली. काय झालं असेल, हे मी विचारलं. एमआरआयशिवाय सांगणार नाही, म्हणाल्या. पण थांबायचं नाही. गडचिरोलीहून त्याला नागपूरला नेलं. मणक्यातली गादी सरकून नसा दाबल्या होत्या, हे तिथे कळलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

दिवाळीच्या आधी तो काठी टेकत ओसरीवर आला. लघवी आता आपणहून होते. डावा तळवा अजून सुन्न आहे, तो कधी सुधारेल हे कोणी सांगत नाही. त्याने नारळ आणि अकरा रुपये पुढे केले. पाय लावलाच नव्हता, म्हणून मी दोन्ही परत केले.

१०८ च्या गाडीला काही द्यावं लागलं नाही. जीपवाल्याला सहाशे रुपये दिले: तीनशे शेजाऱ्याच्या बायकोने, तीनशे मी.