लॉक-इन तिनेच मागितला होता

ग्रामपंचायतीत मी एकतीस वर्षं कारकून होते. पाणीपट्टी थकवणाऱ्यांना, बांध फोडणाऱ्यांना, सरपंचाच्या सख्ख्या भावालासुद्धा मी पत्रं लिहिली, पण कधी दुसरा कागद घ्यावा लागला नाही. देवबागच्या माझ्या घरात खानावळ चालवणाऱ्या माझ्याच भाडेकरणीला पत्र लिहायला बसले, तेव्हा मात्र तीन कागद फुकट घालवले.

ती फोंडाघाटची, समुद्रापासून लांबची. नवरा आखातात. घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि पडवी मी तिला दिली, मागची बाजू मला पुरे होती. पर्यटकांना मासे खिलवायचे म्हणून आली होती, आणि बाईला तिसऱ्यांच्या शिंपल्याही साफ करता येत नव्हत्या! बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी घालायची, तेसुद्धा मीच दाखवलं. पंधरा दिवसांत मला मावशी म्हणायला लागली. मालवणात एजंटाकडे करार करायला गेलो, तेव्हा हळूच माझा पदर ओढून म्हणाली, "मावशी, लॉक-इन घाला. सीजनात तुमी माका भायर काढलात तर मी खंय जातलंय?"

मला रागच आला होता. मी काय हिला भर सीझनात रस्त्यावर काढणार? पण म्हटलं, परक्या गावात आलेली बाई, भीती वाटणारच. करार तीन वर्षांचा, त्यात पहिले अठरा महिने लॉक-इन. त्या मुदतीत मी काढलं किंवा तिने सोडलं, तर करार मोडणाऱ्याने एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची आणि वर दोन महिन्यांचं भाडं दंड भरायचं. दोघींनी सह्या केल्या, यंत्रावर अंगठे टेकवले, नोंदणी झाली.

दिवाळीच्या आधी गोव्याचा एक शेठ घर बघायला आला. वॉटर स्पोर्ट्सच्या माणसांसाठी अख्खं घर हवं होतं, भाडं दुप्पट. मी त्याला पडवीतूनच परत पाठवलं. "लॉक-इन आसा," म्हटलं, "आणि नसता तरी दिलंय नसतंय." ती चुलीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. त्या रात्री माझ्या ताटात तिने सुरमईच्या दोन तुकड्या जास्त वाढल्या होत्या.

आणि अकराव्या महिन्यात मोबाईलवर मेसेज. घर एकच, मधे एक भिंत, आणि मेसेज! 'मावशी, आईक बरा नाय. ह्या महिन्याअखेर जागा सोडतंय.' मी खुळी, तिच्या आईसाठी देवाला गाऱ्हाणं घालायला निघाले होते. वाटेत मासेवालीने सांगितलं, त्याच गोव्याच्या शेठने खाडीच्या बाजूचं एक घर घेतलंय आणि तिथली खानावळ ही सांभाळणार आहे.

माझं डोकंच फिरलं. सरळ घरी आले आणि पत्र लिहिलं. आयुष्यभर जिला 'गो' म्हणून हाक मारली असती, तिला 'आपण' लिहिलं:

'आपला मोबाईलवरील संदेश मिळाला. तो लेखी नोटीस म्हणून ग्राह्य धरता येणार नाही. करारातील लॉक-इनच्या अठरा महिन्यांपैकी सात महिने शिल्लक आहेत. मुदतीपूर्वी जागा सोडावयाची असल्यास एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी. नोटीस मला मिळाल्याच्या दिवसापासून महिना मोजला जाईल व त्या महिन्याचे भाडे देय राहील. याशिवाय दोन महिन्यांचे भाडे दंड म्हणून भरावे लागेल. दंड व वीजबिलाची बाकी वजा करून अनामत रक्कम जागेचा ताबा मिळाल्यावर परत केली जाईल.'

एकही शब्द खोटा नव्हता, तरी पत्र खोटं होतं. मला दंड नको होता. दंड बघून ती घाबरेल, रडेल, "चुकलंय मावशी" म्हणेल आणि राहील, एवढंच मला हवं होतं. पलीकडे भांड्यांचा आवाज नसेल तर त्या घरात मी काय करू?

पोस्टाने पाठवायचं सोडून मी स्वतःच पत्र घेऊन गेले. ती कोळंबी सोलत होती. हात धुऊन तिने सावकाश सगळं वाचलं. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' लिहून सही केली. तिचा चेहरा काही उतरला नाही. मग माझ्याच्याने राहवलं नाही. "गो, रवतंस तर ह्या पत्र आताच फाडून टाकतंय. दंड नको, काय नको."

तिने पत्र पटकन माझ्या हाताच्या आवाक्याबाहेर घेतलं.

"फाडू नकात, मावशी," ती म्हणाली. "शेठाक दाखवूचा आसा. दंड तेच भरतले."